पाळणाघर सोडताना उरलेली फी परत कशी मागायची?

आज पाळणाघराच्या आगाऊ फीबद्दल बोलूया. समजा, बीडमधल्या एका आईची बदली झाली. तिनं जुलै ते सप्टेंबरची फी, महिना 3,000 प्रमाणे 9,000 रुपये, आधीच भरलीय. अटींमध्ये एक महिन्याची नोटीस आहे. तिनं 31 जुलैला लेखी नोटीस दिली आणि 10 ऑगस्टपासून मूल पाठवणं बंद केलं.

इथंच हिशोब चुकतो. उरलेली फी मूल यायचं थांबलं त्या दिवसापासून नाही, तर नोटीस संपते तिथून मोजायची. म्हणजे ऑगस्टची फी पाळणाघराची, सप्टेंबरचे 3,000 आईचे. डिपॉझिट भरलं असेल, तर तेही वेगळं लिहून मागायचं.

मी तर सांगेन, नोटीस तोंडी देऊच नका. दोन प्रती काढा, आपल्या प्रतीवर तारीख आणि सही घ्या. त्यातच शेवटचा दिवस, परत हवी ती रक्कम आणि बँक खातं लिहा.

पैसे नाहीच आले, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथं तक्रारीला शुल्क नाही. मात्र 'आगाऊ फी परत मिळणार नाही' या अटीखाली तुमची सही असेल, तर भांडण लांबतं. म्हणून पैसे भरण्याआधीच फॉर्मवर ती ओळ शोधा.