सामाईक रेघेकडे बघा

जॉन रेवन यांच्या 1938च्या बुद्धिमापन चाचणीपासून रूढ झालेल्या आकृतिकोड्यांत नऊ चौकटी असतात, शेवटची रिकामी. बरेच जण आधी पर्यायच चाळतात, तिथेच फसतात.

समजा, पहिल्या चौकटीत चौरस आणि उभी रेघ, दुसरीत तोच चौरस आणि आडवी रेघ. तिसरीत चौरसात अधिक चिन्ह दिसलं, तर आकृत्या एकमेकींवर ठेवल्या आहेत. नुसतंच अधिक चिन्ह उरलं, तर दोन्हींतला सामाईक चौरस खोडला गेला. नुसता चौरस उरला, तर सामाईक तेवढंच राखलंय.

सामाईक रेघच नसेल, तर पहिले दोन्ही नियम एकच उत्तर देतात. अशा ओळीवरून नियम ठरवू नका. सामाईक रेघ असलेली दुसरी ओळ तपासा.