परदेशी खरेदीचा खरा आकडा

परदेशी संकेतस्थळावर एखादी वस्तू 120 डॉलरला दिसली की आपण मनात त्या दिवसाच्या दराने गुणाकार करतो आणि निर्णय घेऊन टाकतो. वस्तू घरात येईपर्यंत मात्र त्या रकमेवर तीन वेगवेगळ्या ठिकाणी भर पडते: बँकेत, विमानभाड्यात आणि कस्टम्समध्ये. या तिघांचा हिशेब करण्याची रीत वेगळी आहे. ती रीत एकदा समजली की ऑर्डर देण्याआधीच कागदावर बऱ्यापैकी खरा आकडा मांडता येतो.

एक उदाहरण धरू. पुण्यातल्या एका हौशी आकाशनिरीक्षकाला दुर्बिणीसाठी एक आयपीस हवा आहे. अमेरिकेतल्या दुकानात त्याची किंमत 120 डॉलर आहे आणि कुरिअरने पाठवायचे 30 डॉलर. हिशेब सोपा राहावा म्हणून डॉलरचा दर 90 रुपये धरू. म्हणजे मनातला पहिला आकडा 10,800 रुपये.

सुरुवात कार्डापासून. दुकान 150 डॉलरचे बिल लावते. त्याचे रुपये करण्याचा दर व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखे नेटवर्क ठरवते. हा दर बहुधा व्यवहार पुढे सरकतो त्या दिवसाचा असतो, त्यामुळे बटण दाबताना पाहिलेल्या दरापेक्षा तो थोडा इकडेतिकडे असू शकतो. आपल्या 150 डॉलरचे झाले 13,500 रुपये. यावर बँक आपली मार्कअप फी लावते. अनेक कार्डांवर ती साडेतीन टक्के असते, काहींवर दोन, तर मोजक्या कार्डांवर शून्य. या फीवर पुन्हा 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणून साडेतीन टक्के म्हणजे प्रत्यक्षात 4.13 टक्के. आपल्या उदाहरणात फी 472 रुपये 50 पैसे आणि तिच्यावरचा जीएसटी 85 रुपये. कार्डाच्या स्टेटमेंटवर एकूण 14,058 रुपये येतात.

इथे एक सापळा आहे. पैसे भरायच्या पानावर ‘रुपयांत भरा’ असा पर्याय पुष्कळदा दिसतो. आकडा ओळखीच्या चलनात दिसतो म्हणून तो सुरक्षित वाटतो. पण त्या वेळी दर ठरवणारा असतो दुकानदार किंवा त्याची पेमेंट कंपनी, आणि त्या दरात त्यांचा नफा आधीच मिसळलेला असतो. शिवाय दुकान परदेशी असल्यामुळे रुपयांतल्या व्यवहारावरही काही बँका वेगळी फी लावतात. म्हणून डॉलरचे दुकान असेल तर पैसे डॉलरमध्येच भरावेत.

आता कस्टम्स. बहुतेकांचा हिशेब इथे चुकतो, कारण आपण दिलेले 14,058 रुपये कस्टम्सच्या हिशेबात कुठेच नसतात. तिथे स्वतंत्र मूल्य काढले जाते: वस्तूची किंमत, अधिक भाडे, अधिक विमा. म्हणजे पाठवणीच्या खर्चावरही शुल्क लागते. विम्याचा आकडा कागदावर नसेल तर वस्तूच्या किमतीच्या 1.125 टक्के धरतात, आणि भाड्याचा नसेल तर 20 टक्के. ग्राहकाच्या फायद्याची एक तरतूदही मूल्यांकनाच्या नियमांत आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. माल विमानाने आला असेल तर प्रत्यक्ष भाडे कितीही असले तरी वस्तूच्या किमतीच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त भाडे मूल्यात धरता येत नाही. आपण भाड्याचे 30 डॉलर दिले. 120 चे 20 टक्के म्हणजे 24. तेव्हा मूल्य झाले 120 अधिक 24 अधिक 1.35, म्हणजे 145.35 डॉलर.

याचे रुपये करताना ना कार्डाचा दर चालतो ना बाजाराचा. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळ महिन्यातून दोनदा कस्टम्ससाठी दर जाहीर करते. आयातीचा दर बाजारापेक्षा किंचित चढा असतो, म्हणून तो 91 धरू. मूल्य झाले 13,227 रुपये.

शुल्क या मूल्यावर एकावर एक चढत जाते. वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या वस्तूंवरचा मूळ सीमाशुल्काचा दर फेब्रुवारी 2026 च्या अर्थसंकल्पात 20 टक्क्यांवरून 10 टक्के करण्यात आला. हिशेबासाठी तोच 10 टक्के घेऊ, त्यावर समाजकल्याण अधिभार मूळ शुल्काच्या 10 टक्के आणि शेवटी आयजीएसटी 18 टक्के धरू. मूळ शुल्क 1,323 रुपये, अधिभार 132 रुपये. आयजीएसटी निव्वळ मूल्यावर लागत नाही. मूल्य, शुल्क आणि अधिभार यांच्या बेरजेवर लागतो. ती बेरीज 14,682 रुपये, त्यावर आयजीएसटी 2,643 रुपये. शुल्काची एकूण रक्कम 4,098 रुपये, म्हणजे मूल्याच्या जवळजवळ 31 टक्के. दर नुसते मिळवले असते तर 29 टक्के आले असते. वरचे दोन टक्के करावर कर लागल्यामुळे आले.

हे शुल्क कुरिअर कंपनी आपल्या वतीने आधी भरते आणि त्या सेवेचा आकार लावते. तो 750 रुपये आणि त्यावर जीएसटी धरला तर 885 रुपये. सगळी बेरीज 19,041 रुपये. मनातला आकडा होता 10,800. प्रत्यक्ष खर्च त्याच्या पावणेदोन पटींहून थोडा जास्त.

कुरिअरचा हा आकार वस्तू स्वस्त आहे म्हणून कमी होतो असे नाही. 15 डॉलरचा एखादा स्क्रू-संच असाच मागवला तर आकारच वस्तूच्या किमतीच्या अर्ध्याहून अधिक भरेल. म्हणून दोन-तीन किरकोळ गोष्टी एकाच पार्सलात मागवणे किंवा टपालाचा पर्याय पाहणे शहाणपणाचे. टपालाने आलेल्या पार्सलाची कस्टम्स तपासणी विदेश डाक कार्यालयात होते, मुंबईत ते बॅलार्ड इस्टेटला आहे, आणि शुल्क पोस्टमन दारात घेतो. वेळ जास्त लागतो, पण छोट्या वस्तूला टपाल बहुधा स्वस्त पडते.

‘गिफ्ट असे लिहून पाठवा, कर लागत नाही’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. 5,000 रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंची ती सवलत डिसेंबर 2019 मध्ये बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधे एवढेच अपवाद राहिले. विकत घेतलेल्या वस्तूला ती तेव्हाही लागू नव्हती. किंमत कमी लिहिण्याचा प्रकार तर सरळ धोक्याचा आहे. अधिकाऱ्याला शंका आली तर तो कार्डाची पावती मागू शकतो, जाहीर केलेले मूल्य नाकारू शकतो आणि दंडही लावू शकतो. विमाही त्या खोट्या किमतीपुरताच मिळतो.

वस्तू परत करावी लागली तर दुकानदार डॉलर परत करेल, पण बँकेची मार्कअप फी सहसा परत येत नाही. भरलेले शुल्कही आपोआप मिळत नाही. त्यासाठी कस्टम्सकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. मापाबद्दल किंवा जोडणीबद्दल शंका असलेली वस्तू परदेशातून मागवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही दुकाने आयातशुल्क ऑर्डर देतानाच घेतात. तिथे शेवटच्या पानावरचा आकडाच जवळजवळ अंतिम असतो आणि तुलना सोपी होते. तसे नसेल तर वस्तूनुसार आणि तारखेनुसार शुल्काचा दर बदलतो, म्हणून तो आधी कुरिअर कंपनीला विचारून घ्या. पार्सल आल्यावर शुल्काच्या पावतीवरचे मूल्य, विनिमयदर आणि भाडे हे तीन आकडे तपासा. भाडे वस्तूच्या किमतीच्या 20 टक्क्यांहून जास्त धरले असेल, तर कुरिअर कंपनीला लेखी कळवून दुरुस्ती मागा.