लग्नाच्या तारखेसाठी परदेशातल्या भावाला पत्र

एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या नामवंत माणसाचे चरित्र लिहिताना त्याच्या लग्नाची तारीख बहुधा अडते. मुंबई राज्यात हिंदू विवाहांच्या सरकारी नोंदणीचा कायदा आला तो 1953 साली. त्याआधीच्या लग्नाचा दाखला कचेरीत सापडत नाही, तो घरच्या दप्तरात असतो. हे दप्तर वाटण्या होत होत थोरल्या पातीकडे जाते आणि त्या घरातला मुलगा परदेशी स्थायिक झाला की पेटीही त्याच्याबरोबर जाते. मग चरित्रातली एक तारीख पक्की करायची तर त्या चुलतभावाला पत्र लिहावे लागते. त्या पत्रात काय मागितले आणि कसे मागितले, यावर उत्तराचा उपयोग ठरतो.

‘आजोबांचे जुने कागद असतील तर पाठव’ एवढेच लिहिले तर उत्तर सहसा येत नाही, कारण नेमके काय शोधायचे ते भावाला कळत नाही. म्हणून कागदांची नावे द्यावीत आणि ते ओळखायचे कसे, हेही सांगावे. लग्नपत्रिकेला कुंकवाची बोटे लागलेली असतात. जोशीबुवांनी काढून दिलेले मुहूर्ताचे टिपण ही एक छोटी चिठ्ठी असते. लग्नाच्या यादीत दोन्ही घरांनी ठरवलेले देणेघेणे असते. आहेराच्या वहीत माणसांची नावे आणि त्यांपुढे रकमा किंवा वस्त्रे असतात. घरखर्चाच्या रोजकीर्दीत त्या दिवसांत वाजंत्री, तूप, साखर, दक्षिणा असा खर्च एकदम वाढलेला दिसतो. यांतले बरेच कागद मोडी लिपीत असतात. म्हणून ‘वाचता आले नाही तरी फोटो पाठव’ हे वाक्य पत्रात हवेच, नाहीतर मोडी कागद ‘काहीतरी हिशेब’ म्हणून बाजूला राहतात.

या कागदांचे वजन सारखे नसते. पत्रिका आणि मुहूर्ताचे टिपण लग्नाआधी लिहिलेले असते, म्हणून त्यांवरून लग्न कधी ठरले होते एवढेच सिद्ध होते. घरात सुतक आले किंवा गावात पटकीची साथ आली तर मुहूर्त पुढे जाई. आहेराची वही आणि रोजकीर्द प्रत्यक्ष कार्याच्या वेळी लिहिली जाते, म्हणून लग्न झाल्याचा पुरावा तीच देते. छापील कुलवृत्तान्तातली तारीख अनेकदा कुणाच्या तरी आठवणीवरून घेतलेली असते. ती शोधाला दिशा देते, निकाल देत नाही.

नवरीचे माहेरचे नाव पत्रात आवर्जून द्यावे. लग्नात नाव बदलत असे, त्यामुळे सासरच्या नावाने शोधणाऱ्याला माहेरचे कागद ओळखता येत नाहीत. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना होत्या आणि टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरच्या तापी. पूर्वजाची दोन लग्ने झाली असतील तर दोन्ही पत्नींची नावे कळवावीत, नाहीतर पहिल्या लग्नाची यादी दुसऱ्याच्या खात्यात जमा होते. आपल्याला जी तारीख खरी वाटते ती मात्र पत्रात लिहू नये. ती वाचलेला माणूस अस्पष्ट अक्षरात तीच पाहू लागतो.

वडील चुलतभावाला लिहायच्या पत्राचा मुख्य भाग असा असू शकेल:

‘ती. दादास सा. न. वि. वि. पणजोबांच्या चरित्राचे काम चालू आहे आणि त्यांच्या लग्नाची तिथी कागदावरून पक्की करायची आहे. काकांनी नेलेल्या पेटीत लग्नपत्रिका, मुहूर्ताची चिठ्ठी, यादी, आहेराची वही किंवा त्या सुमाराची रोजकीर्द असल्यास कृपया पाहावी. मूळ कागद टपालाने पाठवू नयेत, फोटो पुरेत. प्रत्येक कागदाचा पूर्ण पानाचा फोटो दोन्ही बाजूंनी घ्यावा, शेजारी मोजपट्टी ठेवावी, वहीचे आधीचे आणि नंतरचे पानही घ्यावे. कागद कोणत्या पुडक्यात, कशाबरोबर होता तेही कळवावे. घडी उलगडत नसेल तर ओढू नये, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेट करू नये. चरित्रात काय छापायचे ते आपल्याला आधी दाखवीन.’

फोटो आल्यावर खरी परीक्षा तिथीची असते. समजा, रोजकीर्दीत लग्नाचा खर्च ‘शके 1795, श्रीमुखनाम संवत्सरे, माघ शुद्ध 5’ असा पडला आहे. शकात 78 मिळवून 1873 हे साल काढणे ही नेहमीची चूक. शक चैत्रात सुरू होतो आणि इंग्रजी साल पौषाच्या आसपास बदलते, त्यामुळे माघ-फाल्गुनासाठी 79 मिळवावे लागतात. हे लग्न 1874 च्या जानेवारीतले ठरते. शिवजन्माच्या तिथीला हाच नियम लागतो. जेधे शकावलीतली शके 1551, फाल्गुन वद्य 3 ही तिथी म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. ती शकावलीही जेधे घराण्याच्या दप्तरातच मिळाली होती.

शकाचा आकडा नीट वाचला की नाही, हे संवत्सराच्या नावावरून तपासता येते. शकात 12 मिळवून 60 ने भागावे, बाकी उरते तो संवत्सराचा क्रमांक. 1795 मध्ये 12 मिळवले की 1807 होतात, बाकी 7 उरते आणि सातवा संवत्सर श्रीमुख, म्हणजे वाचन बरोबर. आकडा चुकून 1785 वाचला असता तर बाकी 57 येऊन नाव रुधिरोद्गारी निघाले असते. नोंदीत वार असेल तर जुन्या पंचांगाशी ताडावा. एका दिवसाचा फरक तिथीच्या वृद्धिक्षयाने पडू शकतो. त्याहून मोठा फरक पडला तर महिना, पक्ष किंवा साल पुन्हा वाचावे.

घराण्याची पाती ग्वाल्हेर, काशीकडे राहिली असेल तर आणखी एक खबरदारी हवी. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावास्येला. शुद्ध पक्षात फरक पडत नाही, पण वद्य पक्षाला तिकडे पुढच्या महिन्याचे नाव मिळते. 23 जुलै 1856 हा टिळकांचा जन्मदिवस आपल्याकडे आषाढ वद्य 6 आहे. उत्तरेच्या पंचांगात तोच दिवस श्रावणात पडतो. हे न पाहता रूपांतर केले तर तारीख एक महिना चुकते.

चरित्रांत ‘सोळाव्या वर्षी लग्न’ असे असते, तेव्हा पूर्ण झालेली वर्षे पंधरा असतात. अशा वाक्यावरून साल काढले तर ते एकाने पुढे सरकते, आणि कागदाशी न जुळणारी बरीच साले अशीच तयार झालेली असतात.

चरित्रात छापताना मूळ नोंद जशीच्या तशी द्यावी, त्याखाली रूपांतरित तारीख द्यावी आणि कागद लग्नाआधीचा की नंतरचा ते सांगावे. फक्त पत्रिकाच मिळाली असेल तर ‘लग्न झाले’ असे न लिहिता ‘मुहूर्त ठरला होता’ असे लिहावे. पत्रिका आणि आहेराची वही दोन्ही एकच दिवस सांगत असतील, तर ती तारीख निश्चित मानायला हरकत नाही.