घड्याळातलं कार्ड आणि हरवलेलं घड्याळ

फोनमध्ये आधीपासून असलेलं कार्ड घड्याळात आपोआप जात नाही, आणि बहुतेकांची पहिली अडचण इथेच होते. लंडनमध्ये माझी वहिनी रुग्णालयात नर्स आहे. तिने अ‍ॅपल वॉच घेतलं. फोनवर अ‍ॅपल पे गेली काही वर्षं चालू होतं, त्यामुळे घड्याळ जोडलं की पैसे देता येतील अशी तिची समजूत होती. बसमध्ये पिवळ्या रीडरवर मनगट धरलं तर काहीच झालं नाही. घड्याळाला स्वतःचं कार्ड लागतं आणि ते वेगळं भरावं लागतं.

संध्याकाळी आम्ही दोघं ते करायला बसलो. आयफोनवर घड्याळाचं `Watch` नावाचं अ‍ॅप असतं. त्यात `My Watch` आणि मग `Wallet & Apple Pay` उघडलं की फोनमधली कार्डं खाली दिसतात आणि प्रत्येकासमोर `Add` असतं. ते दाबल्यावर कार्डामागचे तीन अंक विचारले, नंतर बँकेने पडताळणी मागितली. ती कधी एसएमएसच्या कोडने होते, कधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिरून मान्यता द्यावी लागते. मिनिटभरात मनगटावर हलका ठोका बसला आणि कार्ड तयार असल्याची सूचना आली.

या मिनिटभरात नेमकं काय झालं हे समजून घेतलं, तर पुढे घड्याळ हरवल्यावर माणूस गडबडून जात नाही. प्लास्टिकच्या कार्डावरचा सोळा आकडी क्रमांक घड्याळात साठवलेला नसतो. बँक किंवा कार्डाचं जाळं या घड्याळापुरता एक वेगळा क्रमांक देतं आणि तो घड्याळातल्या एका सुरक्षित चिपमध्ये बसतो. फोनमध्ये त्याच कार्डाचा आणखी वेगळा क्रमांक असतो. म्हणजे खातं एकच, पण दुकानदाराच्या यंत्राला प्लास्टिक, फोन आणि घड्याळ ही तीन निरनिराळी कार्डं दिसतात. पावतीवर छापलेले शेवटचे चार आकडे प्लास्टिकवरच्या आकड्यांशी जुळत नाहीत ते यामुळेच. वस्तू परत करताना काउंटरवर ते चार आकडे विचारले तर `Wallet & Apple Pay` मधल्या कार्डावर बोट ठेवून घड्याळाचे आकडे पाहावेत.

लंडनच्या प्रवासात हाच मुद्दा खिशाला जाणवतो. ट्यूबमध्ये शिरताना घड्याळ टेकवलं आणि बाहेर पडताना फोन, तर यंत्रणेला दोन अर्धवट प्रवास दिसतात आणि दोन्हींवर जास्तीत जास्त भाडं लागू शकतं. सोमवार ते रविवार अशी जी आठवड्याची कमाल आकारणी आहे, तीही एकाच साधनावर मोजली जाते. वहिनीला मी तेव्हाच सांगितलं, प्रवासासाठी एक काय ते ठरव आणि तेच वापर. तिने घड्याळ ठरवलं.

आता कुलूप. घड्याळात कार्ड ठेवायचं तर पासकोड लावावाच लागतो आणि मनगट ओळखण्याची सोय, म्हणजे `Wrist Detection`, चालू ठेवावी. पासकोड बंद केला तर कार्डं घड्याळातून काढली जातात, आणि मनगट ओळखण्याची सोय बंद केली तर पैसे देताना दर वेळी पासकोड टाकावा लागतो. सकाळी घड्याळ घालून एकदा पासकोड टाकला की ते मनगटावर असेपर्यंत उघडं राहतं. मागच्या बाजूचे सेन्सर त्वचेपासून सुटले की लगेच कुलूपबंद. दुकानात बाजूचं बटण दोनदा दाबायचं, कार्ड पडद्यावर आलं की घड्याळाचं तोंड रीडरजवळ धरायचं, ठोका जाणवला की झालं. फोन जवळ असायची गरज नाही, घड्याळाला इंटरनेटही लागत नाही. पट्टा सैल असेल तर मात्र हातात असूनही ते मध्येच कुलूपबंद होतं आणि नेमकं गिऱ्हाइकांच्या रांगेत पासकोड मागतं. बांगड्यांसाठी वहिनी पट्टा सैल ठेवायची, तिला हे लवकर कळलं. मनगटावर गडद गोंदण असेल तरी असंच होऊ शकतं.

डीफॉल्ट पासकोड चार आकडी असतो. `Simple Passcode` बंद केलं की जास्त आकड्यांचा ठेवता येतो, आणि घड्याळ रोज काढून ठेवावं लागणाऱ्यांनी तो जास्त आकड्यांचाच ठेवावा असं माझं मत आहे. नर्सना ते रोजच काढावं लागतं. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत रुग्णसेवा करताना कोपराच्या खाली हातात काही घालायचं नाही असा नियम आहे, घड्याळही नाही. त्यामुळे पाळीच्या सुरुवातीला ते गणवेशाच्या खिशात किंवा लॉकरमध्ये जातं. अशा माणसाने आणखी एक सोय बंद करावी. `Unlock with iPhone` चालू असेल तर आपण फोन उघडला की जवळचं घड्याळही उघडतं, फक्त ते कोणाच्या तरी मनगटावर असायला हवं. मनगट आहे एवढं घड्याळाला कळतं, कोणाचं आहे ते कळत नाही. कपडे बदलायच्या खोलीत ही फट मला मोठी वाटते.

दुसरी फट सोयीसाठी मुद्दाम ठेवलेली आहे. प्रवासाचं कार्ड `Express` म्हणून निवडलं की फाटकावर बटण दाबावं लागत नाही, पासकोडही विचारला जात नाही. गर्दीत याचा फार उपयोग होतो. पण घड्याळ हरवलं की आपल्याला आधी ह्याच कार्डाची काळजी करायची असते.

ती वेळ हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी आली. वहिनी पाळी संपवून घरी पोचली आणि गणवेशाच्या खिशात घड्याळ नव्हतं. तिचा हात बँकेला फोन करून कार्ड बंद करण्याकडे वळला होता. मी म्हटलं, थांब, कार्ड तुझ्या पर्समध्ये आहे. ते बंद केलंस तर नवीन येईपर्यंत किराण्याच्या ऑर्डरीपासून फोनच्या बिलापर्यंत जिथे जिथे ते भरून ठेवलं आहेस ते सगळं अडेल, आणि हरवलंय ते घड्याळ.

तिच्या आयफोनवर `Find My` उघडलं. `Devices` मध्ये घड्याळाचं शेवटचं ठिकाण रुग्णालयाचं दिसत होतं, पण ते तासाभरापूर्वीचं. तिचं घड्याळ सिम नसलेलं आहे. असं घड्याळ फोनपासून किंवा ओळखीच्या वायफायपासून दूर गेलं की नवा पत्ता सांगेलच असं नाही. त्यामुळे नकाशावरचा ठिपका आत्ताचा नाही, शेवटच्या संपर्काचा आहे, हे लक्षात ठेवावं. मग घड्याळ हरवलं अशी नोंद करायचं बटण दाबलं, संपर्कासाठी माझ्या भावाचा नंबर दिला आणि पुष्टी केली. तो नंबर घड्याळाच्या पडद्यावर ते पुन्हा जोडलं जाईल तेव्हाच दिसणार होता. पैशांचं तसं नाही. घड्याळातलं कार्ड बँक आणि कार्डाच्या जाळ्याकडून स्थगित होतं, म्हणून घड्याळ ऑफलाइन असलं तरी ते चालत नाही. `Express` ची फटही याच पायरीवर बुजते. फोनही सोबत हरवला असेल तर हेच काम कुठल्याही संगणकावरून `icloud.com/find` वर जाऊन करता येतं.

त्यानंतर बँक. ब्रिटनमध्ये 159 हा क्रमांक लावला की बहुतेक मोठ्या बँकांशी थेट जोडणी मिळते. बोलताना "कार्ड हरवलं" असं म्हणू नये. "कार्ड माझ्याजवळ आहे, माझ्या घड्याळाला जोडलेलं टोकन काढा आणि आजचे व्यवहार तपासा," असं सांगावं. वहिनीने तेच सांगितलं आणि प्लास्टिकचं कार्ड चालूच राहिलं. ही नोंद पुढेही कामी येते. आपण न केलेला व्यवहार झाला असेल, तर 2017 च्या ब्रिटिश नियमांनुसार कळवण्याआधीच्या नुकसानीत ग्राहकाची जबाबदारी साधारणपणे कमाल 35 पौंड असते, आणि कळवल्यानंतरचं नुकसान त्याच्या माथी येत नाही. फसवणूक किंवा घोर निष्काळजीपणा नसावा ही अट.

दुसऱ्या दिवशी सकाळी खात्यातून टीएफएलचे पैसे गेलेले दिसले आणि वहिनी पुन्हा घाबरली. ते पैसे तिचेच होते. टीएफएल, म्हणजे लंडनची वाहतूक यंत्रणा, दिवसभराचे टॅप गोळा करून रात्री हिशेब लावते, म्हणून कालचा प्रवास आज वजा होतो. टीएफएलच्या खात्यात कोणत्या बसला किती वाजता टॅप झाला ते दिसतं. ते पाहून मग घाबरायचं की नाही ते ठरवावं.

भारतातल्या वाचकाने इथे एक फरक ध्यानात घ्यावा. स्टेट बँक आणि टायटनने 2020 मध्ये आणलेल्या घड्याळात चिप पट्ट्यात होती, आणि तेव्हाच्या 2,000 रुपयांच्या मर्यादेपर्यंत पिन लागत नव्हता. 2021 च्या जानेवारीपासून रिझर्व्ह बँकेने पिनशिवाय टॅपची मर्यादा 5,000 केली. अशा पट्ट्याला मनगट ओळखणारं कुलूप नसतं. तो हरवला तर ते टॅपचं कार्ड हरवल्यासारखंच आहे. तिथे वाट न पाहता बँकेच्या अ‍ॅपमधून टॅप बंद करणं हीच पहिली पायरी.

वहिनीचं घड्याळ कपडे बदलायच्या खोलीत बाकाखाली पडलं होतं. सफाई करणाऱ्या बाईंनी ते रुग्णालयाच्या स्वागतकक्षात जमा केलं होतं. घड्याळावर पासकोड टाकल्यावर हरवल्याची नोंद हटली. बँकेने टोकन काढून टाकलेलं असल्यामुळे कार्ड मात्र पुन्हा `Add` करावं लागलं.

ते सापडलंच नसतं तर? आणखी काही दिवस वाट पाहून `Find My` मधून ते पुसून टाकायचं. पण `Remove This Device` दाबायचं नाही. ते दाबलं की घड्याळाचं आपल्या खात्याशी असलेलं बंधन सुटतं आणि ज्याच्या हाती पडलं असेल तो ते स्वतःचं म्हणून चालू करू शकतो. नुसतं पुसलेलं घड्याळ तुमच्या पासवर्डशिवाय कोणालाही जोडता येत नाही. बसमध्ये किंवा ट्यूबमध्ये हरवलं असेल तर टीएफएलच्या हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज करावा. वस्तू तिथे तीन महिने ठेवतात.

नवीन घड्याळ घेतलं किंवा वहिनीसारखं कार्ड पुन्हा जोडलं, तर त्याला नवा क्रमांक मिळतो. टीएफएलच्या खात्यातून जुनी नोंद काढून नवी घालावी लागते, आणि त्या आठवड्याची कमाल आकारणी नव्या क्रमांकावर शून्यापासून मोजायला सुरुवात होते. म्हणून जमलं तर हा बदल रविवारी रात्री करावा.