पाण्याच्या टाकीचं वेळापत्रक आणि हरवलेल्या ओळी

समजा, सोसायटीच्या सचिवांनी टाक्या धुण्याचं वेळापत्रक ईमेलने पाठवलं. सोमवारी ए विंग, मंगळवारी बी, बुधवारी सी, प्रत्येक वार नव्या ओळीवर. एका सभासदाने उत्तर दिलं आणि ते सगळ्यांकडे पोचलं तेव्हा सचिवांचं वेळापत्रक एका लांबलचक परिच्छेदात कोंबलेलं होतं. सभासदाने स्वतः लिहिलेल्या दोन ओळी मात्र दवंडी पिटल्यासारख्या मोठ्या अक्षरात. त्याच्या पडद्यावर सगळं नीटच दिसत होतं.

ईमेल दोन रूपांत लिहिता येते. पहिलं साधा मजकूर, म्हणजे नुसती अक्षरं आणि एंटर. त्यात अक्षराचा आकार, रंग, ठळकपणा काहीच नसतं. दुसरं एचटीएमएल, म्हणजे वेबपानाचीच भाषा. त्यात अक्षरांसोबत ती कशी दाखवायची याच्या सूचनाही जातात. उत्तर देताना मजकूर एका रूपातून दुसऱ्यात जातो आणि घोळ तिथेच होतो.

आधी ओळींचं पाहू. एचटीएमएलमध्ये एंटरला किंमत नाही. तो नुसत्या मोकळ्या जागेसारखा धरला जातो. ओळ तोडायची तर तसं सांगावं लागतं:

```
सोमवार ९ ते ११ : ए विंग<br>
मंगळवार ९ ते ११ : बी विंग<br>
```

साधा मजकूर एचटीएमएलमध्ये घेताना प्रोग्रॅमने हे `<br>` घातलं नाही, की सोमवार-मंगळवार एकमेकांना चिकटतात. दुसरं कारण आउटलुकसारख्या प्रोग्रॅममध्ये सापडतं. साध्या मजकुराच्या मेलमधली ओळ केवळ जागा संपली म्हणून तुटली असावी, असा अंदाज बांधून तो ओळी जोडतो. वर तशी सूचना दिसते आणि तिच्यावर क्लिक केलं की मूळ ओळी परत येतात. परिच्छेदासाठी हा अंदाज सोयीचा, यादीसाठी घातक.

अक्षरं मोठी का झाली? सभासदाच्या नव्या ओळींना आकार सांगितलेलाच नव्हता. खालच्या उद्धृत मजकुराला मात्र तो होता, समजा १३ पिक्सेल. आकार सांगितला नसेल तर वाचणाऱ्याचा प्रोग्रॅम स्वतःचा ठरलेला आकार वापरतो आणि बहुतेक ब्राउझरांत तो १६ पिक्सेल असतो. सभासदाच्या प्रोग्रॅमचा ठरलेला आकार लहान, म्हणून त्याला फरक दिसलाच नाही. वर्डमधून चिकटवलेला मजकूर उलटा वागतो: तो आपला फॉन्ट आणि आकार सोबत घेऊन येतो, मग एकाच पत्रात दोन-तीन आकार होतात.

तिसरा घोळ `>` या चिन्हाचा. साध्या मजकुरात दुसऱ्याचं बोलणं दाखवायला प्रत्येक ओळीआधी हे चिन्ह लागतं. उत्तराला उत्तर दिलं की दोन होतात. अनेक प्रोग्रॅम साधारण ७२ ते ७८ अक्षरांवर ओळ तोडतात. आधीच काठोकाठ भरलेल्या ओळीआधी चिन्ह बसलं की शेवटचा शब्द खाली घसरतो, तोही चिन्हाशिवाय. पुढच्या उत्तरात त्याची अशी गत होते:

```
>> टाकी धुणाऱ्या कामगारांना सकाळी लवकर
> आत
>> सोडावे
```

आता ‘आत’ हा शब्द दुसऱ्याच माणसाच्या तोंडी गेला. यावर ‘format=flowed’ नावाची तोड निघाली. ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा ठेवली तर ती ओळ पुढच्या ओळीला जोडून वाचायची, असा तो संकेत. पण वाटेत एखाद्या प्रोग्रॅमने ‘फालतू’ समजून ती जागा पुसली, की संकेतही पुसला जातो.

मेल कोणत्या रूपात आली हे जीमेलमध्ये तीन ठिपक्यांच्या मेनूतल्या ‘Show original’ने कळतं. तिथे `Content-Type` पाहावं: `text/plain` म्हणजे साधा मजकूर, `text/html` म्हणजे सजवलेला. पुष्कळदा `multipart/alternative` दिसतं. म्हणजे एकाच पाकिटात दोन्ही प्रती आहेत. अशा वेळी तुमचा प्रोग्रॅम कोणती प्रत घेऊन उत्तर बांधतो, यावर पुढचं ठरतं.

म्हणून रूप लिहायच्या आधी ठरवावं, अर्ध्यावर बदलू नये. एचटीएमएलमधून साध्यावर गेलं की ठळक अक्षरं, रंग, तक्ते पुसले जातात. परत एचटीएमएलवर आलं तरी ते सहसा परतत नाहीत. थंडरबर्डमध्ये शिफ्ट दाबून उत्तराचं बटण दाबलं की उत्तर नेहमीच्या उलट रूपात उघडतं. जीमेलमध्ये लिहिण्याच्या खिडकीतच ‘Plain text mode’ आहे. दुसरीकडून मजकूर आणायचा तर ब्राउझरमध्ये सहसा कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकत्र दाबावं, म्हणजे अक्षरं येतात, साज मागे राहतो.

समोरच्याच्या प्रोग्रॅमवर मात्र आपला ताबा नसतो. सचिवांनी प्रत्येक वाराआधी १), २), ३) असे आकडे घातले असते, तर ओळी चिकटूनही बी विंगला आपला मंगळवार सापडला असता.