बाटलीतला ऑक्सिजन मोजणारा जांभळा थेंब

औषधाच्या दुकानातली हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली पाहिली, की लेबलावर टक्केवारीच्या बरोबरीने एक विचित्र आकडा दिसतो : '२० व्हॉल्यूम'. त्याचा अर्थ असा, की या द्रावणातला १ मिलिलिटर पूर्णपणे विघटित झाला तर त्यातून साधारण २० मिलिलिटर ऑक्सिजन बाहेर पडेल. भारतीय औषधकोश या द्रावणाच्या दर १०० मिलिलिटरमध्ये ५ ते ७ ग्रॅम पेरॉक्साइड असण्याची अट घालतो.

अटीची गरज पडते, कारण हे द्रव्य स्वस्थ बसत नाही. ऊन, उष्णता, धातूचा कण, नुसती धूळसुद्धा त्याला पुरते. ते ऑक्सिजन सोडून पाणी होत जातं. दिल्लीच्या मे-जूनमध्ये खिडकीशी राहिलेली बाटली बाहेरून तशीच दिसते. आत औषध किती उरलं आणि पाणी किती झालं, हे डोळ्यांना कळत नाही. ते कळतं पोटॅशियम परमँगनेटला.

इथे गाठ पडते ती शेराला सव्वाशेराची. पेरॉक्साइड एरवी स्वतःच ऑक्सिडीकारक, पण आम्लात परमँगनेटसमोर त्यालाच इलेक्ट्रॉन द्यावे लागतात :

2MnO₄⁻ + 5H₂O₂ + 6H⁺ → 2Mn²⁺ + 5O₂ + 8H₂O

कृती अशी. पिपेटने १० मिलिलिटर औषध घेऊन पाण्याने २५० मिलिलिटर करायचं. त्यातलं २५ मिलिलिटर शंकुपात्रात घेतलं, की मूळ औषधाचा नेमका १ मिलिलिटर हाती येतो. त्यात भरपूर पातळ सल्फ्युरिक आम्ल घालायचं आणि ब्युरेटमधून ०.०२ मोलर परमँगनेट सोडायचं. पहिले थेंब रेंगाळतात, रंग जायला वेळ लावतात. थोडं मँगनीज आयन तयार झालं, की तेच अभिक्रियेला वेग देतं. मग जांभळा थेंब पडताक्षणी नाहीसा होतो आणि बारीक बुडबुडे वर येतात. वेगळा दर्शक लागत नाही. एक थेंब जास्त झाला आणि फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली, की थांबायचं. परमँगनेट इतकं गडद असतं, की ब्युरेटमध्ये वाचन द्रवाच्या वरच्या कडेवर घ्यावं लागतं.

समजा, ३२.४ मिलिलिटर लागले. दर मिलिलिटर १.७०१ मिलिग्रॅम पेरॉक्साइड खातो; म्हणजे ५५.१ मिलिग्रॅम, अर्थात ५.५ टक्के. औषध पास. वाचन २९.४च्या खाली आलं असतं, तर नापास.

३२.४च्या वाचनाला ०.५६ने गुणलं, की १८.१ व्हॉल्यूम मिळतं. यात एक गंमत आहे. पात्रात प्रत्यक्ष सुटणारा ऑक्सिजन याच्या दुप्पट असतो. आपोआप विघटन होताना पेरॉक्साइडच्या दोन रेणूंमधून ऑक्सिजनचा एकच रेणू निघतो; परमँगनेट मात्र प्रत्येक रेणूमागे एक काढून घेतं. लेबलावरचा आकडा पहिल्या हिशेबाचा, म्हणून गुणक निम्मा.

चुका बहुतेक आम्लाच्या बाबतीत होतात. हायड्रोक्लोरिक वापरलं, तर परमँगनेट क्लोराइडवरही खर्च होतं आणि औषध आहे त्याहून तेज भासतं. आम्ल कमी पडलं, तर तपकिरी गढूळपणा येतो. तो मँगनीज डायऑक्साइड. तो दिसला की ते पात्र ओतून द्यावं, कारण तो उरलेल्या पेरॉक्साइडचंही विघटन करतो. आणि ऑक्झॅलिक आम्लाच्या प्रयोगासारखं इथे तापवायचं नाही. मोजायचं तेच उडून जाईल.

खरी परीक्षा विरंजनाच्या हौदात होते. पानिपत हे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातलं चादरी-टॉवेलांचं गाव आहे. तिथल्या हौदांत सुती कापड पांढरं करायला पेरॉक्साइडबरोबर कॉस्टिक आणि सोडियम सिलिकेट घालतात. अशा हौदातला नमुना थंड करून, पातळ करून, जादा आम्लात ओतावा लागतो, नाहीतर तपकिरी गाळ ठरलेलाच. शिवाय कापसातून सुटलेली खळ, साबणासारखी द्रव्यं, सेंद्रिय स्थिरकारक हेही परमँगनेट हळूहळू खातात. गुलाबी रंग येतो, विरतो, पुन्हा थेंब घालावा लागतो. अशा वेळी आयोडीनची पद्धत बरी : आम्लात पोटॅशियम आयोडाइड आणि किंचित मॉलिब्डेट घालायचं, सुटलेलं आयोडीन थायोसल्फेटने मोजायचं. सेंद्रिय मळाचा तिला सहसा एवढा त्रास होत नाही. एकाच हौदाचा परमँगनेटचा आकडा आयोडीनच्या आकड्यापेक्षा मोठा येत असेल, तर त्यातला जादा भाग बहुधा पेरॉक्साइडचा नसून मळाचा असतो.