उलटी वायर आणि गायब घरघर

गणपतीच्या मांडवात साउंड लावणाऱ्या पोरांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. दोन स्पीकरांपैकी एकाची लाल-काळी वायर चुकून उलटी लागली तर गाणं वाजतं, पण बेस मरतो. ढोलाची धमक जाते. टाळ, झांजा आणि गाणाऱ्याचा गळा ऐकू येत राहतो, फक्त सगळं पोकळ वाटतं. जाणता साउंडवाला लांबूनच ओरडतो, ‘अरे, फेज उलटी आहे!’ आणि वायर सरळ केली की छातीत धडधड परत येते.

नॉइज कॅन्सलिंग हेडफोन हीच चूक जाणूनबुजून करतो.

आवाज म्हणजे हवेच्या दाबाचे चढउतार. एका स्पीकरचा पडदा पुढे येऊन हवा दाबत असतो, त्याच क्षणी उलट्या वायरीचा पडदा मागे जाऊन ती ओढत असतो. दोन्ही कानापाशी एकत्र पोचले की चढ आणि उतार एकमेकांना खातात. पण मग फक्त बेसच का जातो? कारण दोन्ही स्पीकरांपासून तुमच्या कानाचं अंतर कधीच अगदी सारखं नसतं. ढोलाच्या 60 हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साडेपाच मीटरहून लांब असते, तिथे वीतभर फरकाने काही बिघडत नाही. झांजेच्या 4000 हर्ट्झच्या झणकाराची लाट मात्र साडेआठ सेंटिमीटरची. तिथे दोन बोटांच्या फरकाने चढावर उतार पडण्याऐवजी चढावर चढ पडतो. नॉइज कॅन्सलिंगची सगळी मर्यादा या मांडवातच दिसते.

आवाजाला आवाजाने मारण्याची कल्पना जुनी आहे. पाउल ल्युग या जर्मन माणसाने 1933 मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1936 मध्ये त्याला अमेरिकेचं पेटंट मिळालं. त्याच्या आकृतीत एक नळी आहे. नळीच्या अलीकडे माइक, पलीकडे स्पीकर. आवाज नळीतून चालत येतो, सेकंदाला साधारण 340 मीटर. वीज तारेतून त्याच्या कितीतरी पुढे धावते. म्हणून उलटा आवाज तयार करायला वेळ मिळतो. कल्पना बिनतोड होती, पण त्या काळच्या व्हॉल्व्हच्या यंत्रांनी ती कानावर बसवणं शक्य नव्हतं. पुढे 1978 मध्ये झुरिकहून बोस्टनला जाणाऱ्या विमानात अमर बोस यांनी एअरलाइनचे हेडफोन लावले, इंजिनाच्या घरघरीत संगीत बुडालेलं पाहिलं आणि विमानातच गणित मांडायला घेतलं. हे एमआयटीतले प्राध्यापक, त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले. वैमानिकांसाठीचा त्यांच्या कंपनीचा हेडसेट बाजारात यायला 1989 उजाडलं.

अडचण कुठे होती ते ल्युगच्या नळीवरून कळतं. नळी मीटरभर लांब करता येते. हेडफोनच्या बाहेरच्या माइकपासून कानापर्यंत अंतर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर. आवाज ते सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आत कापतो. तेवढ्यात माइकने ऐकायचं, सर्किटने उलटवायचं आणि स्पीकरने पडदा हलवायचा.

समजा, हेडफोनला एवढ्यातही थोडा उशीर झाला, सेकंदाचा दहा हजारावा भाग. आता एसटीत खिडकीशी बसा. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल, तर दर फेऱ्यात तीन सिलिंडर पेटतात. म्हणजे सेकंदाला 100 ठोके, 100 हर्ट्झची घरघर. तिच्या एका लाटेला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो आणि आपला उशीर त्याचा फक्त शंभरावा हिस्सा. चढावर उतार जवळजवळ नेमका बसतो, दाबाचा चढउतार अवघा सहा टक्के उरतो. तोच उशीर 1000 हर्ट्झला लाटेचा दहावा हिस्सा होतो, आणि तिथे बासष्ट टक्के आवाज शिल्लक राहतो. 1700 हर्ट्झच्या आसपास सगळी खटपट फुकट जाते, होता तेवढाच आवाज उरतो. आणि 5000 हर्ट्झला उशीर बरोबर अर्ध्या लाटेचा होतो. म्हणजे उलटवलेली लाट पुन्हा सुलटी होते आणि आवाज कमी होण्याऐवजी दुप्पट दाबाने कानावर आदळतो.

म्हणून बनवणारे शहाणपणाने साधारण हजार हर्ट्झच्या वर हात आखडता घेतात. तिथलं काम कानावरच्या गादीकडे किंवा कानात घालायच्या रबरी टोपीकडे असतं. बारीक, तीक्ष्ण आवाज गादीत सहज अडतात. लांब लाटांची घरघर मात्र तिला जुमानत नाही. गादीला जे जमत नाही ते सर्किट करतं, सर्किटला जे जमत नाही ते गादी. जाहिरातीत श्रेय एकटं सर्किट घेऊन जातं, हे मला जरा अन्यायाचं वाटतं.

चांगल्या हेडफोनमध्ये दुसरा माइक आत, कानाजवळ असतो. कितीही केलं तरी उरलेला आवाज तो ऐकतो आणि दुरुस्ती सुचवतो. पण तोही उशिराचा गुलाम. दुरुस्ती अर्धी लाट उशिरा आली की चूक मिटण्याऐवजी वाढते, वाढलेली चूक पुन्हा माइकमध्ये शिरते आणि शीळ उठते. मांडवात माइक स्पीकरसमोर नेल्यावर उठते तीच ही शीळ. ती टाळायची तर उंच पट्टीत या माइकचं फार ऐकायचं नाही.

आता ‘सतत’ या शब्दाचं. इंजिन, एसी, विमान यांच्या घरघरीत पुढचा हेलकावा बराचसा मागच्यासारखाच असतो. ज्या हेडफोनांत सर्किट शिल्लक आवाज बघून स्वतःला जुळवत नेतं, त्यांना ही पुनरावृत्ती शिकायला सवड मिळते. ताट पडल्याचा खण्ण आवाज शिकेपर्यंत संपलेला असतो. शिवाय एकदम सुरू होणाऱ्या आवाजाची धारच मुळी उंच पट्टीच्या लाटांची बनलेली असते, आणि तिथे उशीर नडतो.

त्यामुळे एसटीत गंमत होते. इंजिन विरघळतं आणि मागच्या सीटवरच्या दोन काकूंचं लग्नाच्या देण्याघेण्याचं बोलणं आधीपेक्षा स्पष्ट ऐकू येतं. शब्द ओळखायला लागणारे च, स, ट, क यांचे आवाज बरेचसे हजार हर्ट्झच्या वरचे; गादी त्यांना थोडं दाबते, सर्किट हात लावत नाही. आणि इतका वेळ त्यांच्यावर पांघरूण घालणारी घरघर मात्र गेलेली. कंडक्टरने घंटीची दोरी ओढली की टण्ण तर जसाच्या तसा. हेडफोन खराब निघाला असं समजून दुकानात भांडायला जाऊ नये.

खरा दोष कसा ओळखायचा? माझा नवा हेडफोन पहिल्या आठवड्यात मला असाच फसवा वाटला होता. घरघर कमी व्हायची, पण जायची नाही. एकदा डोळे चोळायला चष्मा काढला आणि बस बंद पडल्यासारखी शांत झाली. चष्म्याची काडी गादी उचलून धरत होती. काडीमागच्या त्या फटीतून इंजिनाची लांब लाट आत येत होती, आणि स्पीकरने तयार केलेला उलटा दाब त्याच फटीतून बाहेर निसटत होता. हीच तपासणी कोणालाही करता येते. घरघर सुरू असताना दोन्ही तळव्यांनी गाद्या हलकेच कानावर दाबायच्या. आवाज एकदम उतरला तर सर्किट ठीक आहे, फट बुजवायची आहे. मी आता पातळ काड्यांचा चष्मा घेतलाय.